फोरमनचा व्हॉट्सॲप मेसेज कारखान्याला पत्र म्हणून पाठवायचाय, त्यातलं काय काढायचं?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं ओतकाम आणि मशीनशॉप आहे. वडील शॉप बघतात, पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. गिऱ्हाइकं बहुतेक साखर कारखाने, त्यामुळे पत्रं मराठीतच जातात. आमचे फोरमन मामा शॉपवरून मला मेसेज टाकतात आणि मी त्याचं पत्र करते. मामा घरच्या माणसाशी बोलावं तसं लिहितात, सगळं एका दमात. शॉपमध्ये त्याची काहीच अडचण नाही, पण ते तसंच बाहेर जाऊ शकत नाही.

परवाचा मेसेज खाली देते. नावं, आकडे आणि नग मी बदललेत, मांडणी तशीच ठेवली आहे.

"ताई, कारखान्याचं १४ बुश मंगळवारी जमत नाहीत. संभाच्या बायकोचं गर्भपिशवीचं ऑपरेशन हाय, त्यो दवाखान्यातच हाय, मोठ्या लेथवर दुसरा माणूस नाही. परवाच्या ओतात ६ नग गेलं, ब्लोहोल निघालं. गनमेटल परत घ्यावं लागलं, ७८० नं घेतलं, आपण त्यास्नी ९२० नं लावलंय, म्हंजे आता काय उरत नाही. त्यात त्या दुसऱ्या कारखान्याचं २२ नग आधी घेतलेत, ते ॲडव्हान्स ५० टक्के देत्यात. ह्यांचं मागचं बिल बी ४ महिनं थकलंय. शनिवारी ८ देतो, बाकीचं फुडच्या शुक्रवारी. सायबास्नी सांगा जरा सांभाळून घ्या."

बुश केन कॅरिअरच्या शाफ्टचे आहेत, दोन मापांचे. कारखान्यात गाळप सुरू व्हायच्या आधीची जोडणी चालू आहे, म्हणजे त्यांना घाई आहेच. पत्र चीफ इंजिनिअरना जाणार आणि प्रत परचेसला. यातलं काय ठेवू, काय काढू आणि काय गुळगुळीत करू?

---

मुळाक्षर

ताई, पत्राला सुरुवात करण्याआधी भाषा प्रमाण करून घ्या. "हाय" चं "आहे", "त्यास्नी" चं "त्यांना", "फुडच्या" चं "पुढच्या". "नग गेलं" ऐवजी "नग बाद झाले". आकडे अक्षरांतही लिहा, कारखान्याच्या कागदात ते शोभतं. एवढं केलंत की मेसेज पत्रासारखा वाचला जाईल, माहिती त्यात सगळी आहेच.

---

शिरोलीकर

@मुळाक्षर, भाषा मला जमते हो. अडचण माहितीचीच आहे. ती "सगळी आहेच" हाच तर प्रश्न. संभाच्या घरचं ऑपरेशन आणि आमचा धातूचा खरेदीदर शुद्ध मराठीत कारखान्याला कळवून कसं चालेल?

---

पेनड्राइव्ह

सोपं आहे. मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, मोबाइलच्या मार्करने नाव आणि दर काळे करा, पीडीएफ करून जोडा. वर दोन ओळींचं पत्र. समोरच्याला वाटतं मूळ पुरावा दिलाय, विश्वास बसतो. आणि दर सांगायचाच नसेल तर टक्क्यात सांगा, "धातूचा दर आमच्या दराच्या १५ टक्क्यांच्या आत आलाय" असं. आकडाही जात नाही आणि गांभीर्यही कळतं.

---

जुनं_खरेदीखातं

मी बरीच वर्षं एका सहकारी साखर कारखान्याच्या परचेसला काढली. म्हणजे अशी पत्रं घेणाऱ्या टेबलावर. त्या बाजूने थोडं सांगतो, कारण पाठवणाऱ्याला तिथलं चित्र दिसत नाही.

तुमचं पत्र चीफ इंजिनिअर वाचतात आणि विषय संपतो, असं होत नाही. पत्र आधी आवकला जातं, शिक्का बसतो, नोंद होते. झेरॉक्स निघते. एक प्रत इंजिनिअरिंगला, एक परचेसला, उशीर मोठा असेल तर कार्यकारी संचालकांच्या टेबलावर टिपणीसह. शेवटी ते तुमच्या पुरवठादार फायलीत लागतं आणि पुढच्या वर्षीचे दर ठरवायला बसतो तेव्हा तीच फाईल उघडी असते. त्या खोलीत इतर पुरवठादारही येऊन बसलेले असतात. त्यामुळे लिहिताना डोळ्यांसमोर एक साहेब न ठेवता ती फाईल ठेवा.

आता @पेनड्राइव्ह यांच्या टक्क्यांबद्दल. कारखान्याकडे ९२० आहेच, त्यांच्याच ऑर्डरवर तो छापलाय. तुम्ही १५ टक्के म्हणालात की परचेसचा कारकून कॅल्क्युलेटर काढतो, ९२० मधून १३८ वजा, ७८२. खरा आकडा ७८०. काय लपलं मग? गोपनीय आकडा आणि समोरच्याला माहीत असलेला आकडा यांचं नातं सांगितलं की आकडा सांगितल्यासारखाच असतो. टक्के, पट, "निम्मे", "एवढा फरक", सगळ्यांना हेच लागू.

आणि ज्यात आकडाच नाही असं वाक्य घ्या, "आता काही उरत नाही". ते राहिलं तर पुढच्या वाटाघाटीत आम्हाला कळलेलं असतं की ९२० ला तुम्ही काठावर आहात आणि तरीही माल देताय. मामांनी ते तुम्हाला सांगावं, ती तुमच्या घरातली गोष्ट आहे. पत्रात त्याला सौम्य करण्यासारखं काही नाही. पूर्ण जाऊ द्या.

"धातूचे दर वाढल्यामुळे" असंही लिहू नका. तुम्ही जास्तीचा धातू साठवून ठेवत नाही, हे त्यातून कळतं. शिवाय वाचणाऱ्याला वाटतं की ही पुढच्या दरवाढीची पेरणी आहे. मग तो उशिराकडे न बघता तुमच्या हेतूकडे बघायला लागतो.

---

कागदवाली

स्क्रीनशॉटबद्दल मी बोलते, माझं कामच कागदपत्रांचं आहे. मोबाइलमधला काळा हायलायटर बहुतेक वेळा अर्धपारदर्शक असतो. एक फटकारा मारला की डोळ्यांना काळं दिसतं, पण फोटोची चमक आणि कॉन्ट्रास्ट वाढवले की खालची अक्षरं वर येतात. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर खाली मजकूर तसाच असतो. तपासायची रीत साधी आहे. फाईल उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. झाकलेलं तिथे उमटलं तर ते झाकलेलंच नव्हतं.

पण खरा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. काळी पट्टी म्हणजे इथे काहीतरी होतं अशी जाहिरात. न्यायालयात, माहिती अधिकारात मूळ कागद द्यावाच लागतो म्हणून तिथे पट्टी मारतात. इथे मूळ मेसेज द्यायची गरजच काय? कोरा कागद घ्या.

कोरा म्हणजे खरंच कोरा. मेसेज पेस्ट करून त्यातून खोडत बसू नका. व्हॉट्सॲपमधून दोन-तीन मेसेज एकत्र कॉपी केले की प्रत्येकापुढे तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर आपोआप येतो. एखादा कंस राहून गेला की मामांचा नंबर कारखान्याच्या फायलीत.

---

पेनड्राइव्ह

नोटपॅडची युक्ती माहीत नव्हती, मान्य. पण मग उशिराचं कारण काय द्यायचं? "लाईट नव्हती" लिहा ना. एमआयडीसीत वीज जाते हे सगळ्यांना माहीत आहे, कोणी विचारत नाही, कोणाचं नाव येत नाही, दर येत नाही.

---

जुनं_खरेदीखातं

नाही. हे अजिबात करू नका.

काढून टाकणं वेगळं आणि खोटं घालणं वेगळं. चीफ इंजिनिअर तुमच्या कारणावर निर्णय घेतो. वीज गेली असं वाचलं की तो धरतो, माल तयार आहे, फक्त मशीनिंग अडलंय, एक-दोन दिवस मागेपुढे होईल. तो कॅरिअरच्या जोडणीची माणसं त्या हिशोबाने लावतो. इथे प्रत्यक्षात ६ नग परत ओतायचे आहेत. ओतणं, थंड होणं, टर्निंग, बोअर. आठवड्याचं काम. तुमच्या वाक्यावर त्याने फिटर थांबवून ठेवले आणि शुक्रवार उजाडला, तर पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या कारणावरही त्याचा विश्वास बसणार नाही. शिवाय शिरोलीत वीज होती की नव्हती हे शेजारच्या शेडमधला दुसरा पुरवठादार त्याला एका फोनमध्ये सांगेल.

ताई, उलटीकडून सुरुवात करा. मेसेजमध्ये काय आहे हे बाजूला ठेवा आणि पत्र वाचून साहेबांना काय ठरवायचंय ते बघा. त्यांना चार गोष्टी हव्यात. किती नग कधी येणार. येणारे नग चांगले आहेत का. उरलेल्यांची तारीख पक्की आहे का. आणि कोणतं माप आधी मिळणार. शेवटची गोष्ट मामांच्या मेसेजमध्ये नाहीच, बघा. १४ नग दोन मापांचे आहेत. पहिल्या खेपेत चुकीच्या मापाचे ८ आले तर त्यांचा एक शाफ्टही बसत नाही. नको ते काढताना, हवं ते मुळातच नव्हतं हे असं ध्यानात येतं.

---

सोसायटी_सचिव_ठाणे

माझा अनुभव जरा वेगळा आहे पण सांगतो. आमच्या लिफ्टच्या देखभाल कंपनीला मी पत्र पाठवलं होतं, ग्रुपवरच्या मेसेजवरून. मूळ मेसेज असा होता: "३०४ च्या काकूंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, परवा खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं, आणि कंपनीवाले ४८ तास म्हणतात." मी काकूंचं सगळं काढलं आणि "लिफ्ट लवकर दुरुस्त करावी" एवढंच लिहिलं. कंपनीने आम्हाला नेहमीच्या यादीत टाकलं. कमिटीत मला ऐकावं लागलं की कारणच काढून टाकलं तर घाई कोण करणार. मग तिथे काकूंचा आजार लिहायला हवा होता का?

---

कागदवाली

@सोसायटी_सचिव_ठाणे, आजार नको आणि फ्लॅटही नको, पण गरज हवी. "इमारतीत आठवड्यातून अनेकदा रुग्णालयात न्यावे लागणारे व जिना उतरू न शकणारे रहिवासी आहेत" एवढं पुरेसं आहे. कंपनीला घाई का ते कळतं. कोण आणि कोणता आजार, हे कळून तिचा मेकॅनिक लवकर येणार नाही. तपशील काढायचा म्हणजे दर वेळी तो पुसूनच टाकायचा असं नाही, काही वेळा त्याला एक पायरी वर चढवायचं. मात्र वर चढवलेल्या वाक्यातूनही माणूस ओळखू येतो का ते बघा. शंभर फ्लॅटच्या इमारतीत हे वाक्य चालेल. सहा फ्लॅटच्या बंगलीत ते काकूंचं नाव लिहिल्यासारखंच आहे.

शिरोलीकर ताईंच्या संभाचं नेमकं हेच आहे. "आमचे लेथ कामगार कौटुंबिक वैद्यकीय कारणाने रजेवर आहेत" असं लिहावंसं वाटेल. सभ्य दिसतं, नाव नाही, आजार नाही. पण मोठ्या लेथवर एकच माणूस आहे ना? आणि साहेब शॉपवर येऊन गेलेत का?

---

शिरोलीकर

दोनदा येऊन गेलेत. संभाशी बोललेतही, बोअरच्या मापावरून.

---

कागदवाली

मग "लेथ कामगार" म्हणजे संभाच. "कौटुंबिक वैद्यकीय" म्हणजे त्याच्या घरातलं कोणीतरी. साहेब पुढच्या भेटीत आपुलकीने सगळ्यांसमोर विचारणार, "काय रे, घरी बरं आहे का?" आणि त्याच्या बायकोचं ऑपरेशन शॉपभर चर्चेत येणार. तिने तर कोणालाच काही सांगितलेलं नाही. मेसेजमधली सगळ्यात नाजूक माहिती तिची आहे आणि ती या व्यवहारात कुठेच नाही. म्हणून रजेचा उल्लेखच नको.

---

नेकारकाठ

इथे जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, डॉक्टरच्या आजारपणाच्या दाखल्यातलं जे कामाच्या ठिकाणी कळतं त्यात आजाराचं नाव नसतं, फक्त कधीपासून कधीपर्यंत. माझ्या साहेबालाच माझा आजार माहीत नसतो, तर तो गिऱ्हाइकाला काय कळवणार. सुरुवातीला मला हे कोरडं वाटायचं. आता योग्य वाटतं.

आपल्याकडे यावर कायदा आलाय ना आता?

---

कागदवाली

डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. पण या धाग्यात कायद्यात शिरायला नको. कायदा नसता तरी संभाच्या बायकोचं ऑपरेशन साखर कारखान्याच्या फायलीत जायचं कारण नव्हतं.

---

फोंड्याचो

गोव्यातून लिहितोय, औषध कंपन्यांना छोटे सुटे भाग पुरवतो. मला ६ नगांबद्दल विचारायचंय. सगळे नाव, दर, आजार यावर बोलताय. बाद झालेले नग हा गोपनीय आकडा आहे की नाही? माझ्या मते आहे. आपल्या शॉपमध्ये किती माल बाद होतो हे गिऱ्हाइकाला का सांगायचं? बाद माल त्यांना जाणारच नाहीये.

---

जुनं_खरेदीखातं

हा चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर सरसकट नाही.

"आमच्याकडे दर ओतात इतके टक्के बाद होतात" ही तुमची घरची माहिती. ती द्यायची नाही. पण या ऑर्डरमधले ६ नग का गेले, याचा संबंध उरलेल्या ८ नगांशी असू शकतो. ब्लोहोल म्हणजे धातूत अडकलेला वायू. साच्यात ओल असेल किंवा वितळलेल्या धातूतच वायू मुरला असेल. धातूत मुरला असेल तर त्याच भट्टीतून ओतलेल्या बाकीच्या नगांवरही संशय येतो. ते वरून चांगले दिसतील आणि बोअर घेतल्यावर आतून छिद्रं उघडी पडतील. म्हणून ताई, मामांना एकच विचारा. हे ८ नग त्याच ओतातले आहेत की वेगळ्या?

वेगळ्या ओतातले असतील तर तसं लिहा, साहेब निश्चिंत होतात. त्याच ओतातले असतील तर लपवायचं नाही. तपासणी काय केली ते सांगायचं. ही गोष्ट गुळगुळीत केली आणि हंगामात कॅरिअर बंद पडला तर ऊस गव्हाणीत अडतो, आणि मग तुमचं पत्र टेबलावर येतं.

तसंही, "८ आता, ६ नंतर" वाचून जुन्या इंजिनिअरला कळतंच की ओतात काहीतरी गेलं. तुम्ही गप्प राहिलात तर तो जास्त वाईट कल्पना करतो.

---

फोंड्याचो

तुमचं गिऱ्हाइक ओळखीचं आहे म्हणून हे चालतं. माझ्याकडे बाद नगांचा उल्लेख केला की लगेच लेखी सुधारणा अहवाल मागतात, मग ऑडिट लागतं. मी "तपासणीत आढळलेल्या कारणास्तव" एवढंच लिहितो. त्याने काम भागतं. मला ते चूक वाटत नाही.

---

जुनं_खरेदीखातं

त्याच ओतातला माल जात नसेल तर माझीही हरकत नाही. जात असेल तर आहे.

---

शिरोलीकर

मामांना विचारलं. ८ नग वेगळ्या ओतातले, आठवडाभर आधीच्या. टर्निंग झालंय, बोअर बाकी आहे. पहिला मसुदा टाकते.

"मा. मुख्य अभियंता यांस,
विषय: गनमेटल बुश १४ नग, पुरवठ्याच्या सुधारित तारखा.
महोदय, वरील आदेशातील ८ नग शनिवारी व उर्वरित ६ नग त्यापुढील शुक्रवारी आपल्या स्टोअरला पोच करीत आहोत. आदेशातील मंगळवारची तारीख पाळता येत नाही याबद्दल दिलगीर आहोत. ६ नगांच्या ओतकामात वायूची छिद्रे आढळल्याने ते आमच्या तपासणीतच बाद केले असून नव्याने ओतत आहोत. शनिवारी येणारे ८ नग वेगळ्या ओतातील आहेत. अन्य कारखान्याच्या आगाऊ नोंदवलेल्या कामामुळे आमच्या नियोजनावर ताण आहे, तरी सहकार्य करावे. मागील देयक ४ महिने प्रलंबित आहे, त्याचाही विचार व्हावा."

---

कागदवाली

पहिला अर्धा उत्तम. शेवटची दोन वाक्यं बघू.

"अन्य कारखान्याच्या आगाऊ नोंदवलेल्या कामामुळे" यात नाव नाही, २२ नाही, ५० टक्के नाही. पण "आगाऊ" राहिलंय. कोल्हापूर भागात या दिवसांत कॅरिअरचं काम कोणाकडे चालू आहे हे या क्षेत्रातल्या माणसांना अंदाजाने कळतं, साहेब लोकांचे एकमेकांना फोन असतात. त्या कारखान्याने तुम्हाला काय अटींवर काम दिलं ही माहिती त्यांची आहे, ती बाहेर सांगायचा हक्क तुम्हाला नाही. आणि या साहेबांना त्यातून एकच अर्थ लागतो, की पैसे आधी देणाऱ्याचं काम आधी होतं.

एक गोष्ट राहिलीये. ८ नग तर तयार होत आले आहेत, ते मंगळवारी का नाहीत, हे पत्रात कुठेच नाही. वाचणारा ते लगेच पकडेल.

---

मुळाक्षर

मला आता प्रश्न नीट कळला, आणि एक शंका आहे. उशिराचं खरं मोठं कारण २२ नग आधी घेतले हेच असेल, आणि पत्रात फक्त ओतकामाचं लिहिलं, तर प्रत्येक वाक्य खरं असूनही वाचणाऱ्याची समजूत खोटी होते. हे "लाईट नव्हती" पेक्षा फार वेगळं आहे का?

---

कागदवाली

वेगळं आहे असं मला वाटतं, पण तुमची शंका खोटी नाही. ६ नगांच्या उशिराचं कारण ओतकाम, ते पूर्ण खरं. ८ नगांच्या उशिराचं कारण मशीनिंग, तेही खरं. मशीनिंग का अडलं याच्या आत दोन कारणं आहेत, एक संभाचं आणि एक दुसऱ्या गिऱ्हाइकाचं. दोन्ही तिसऱ्या माणसांची आहेत. मी "मशीनिंग" या पायरीवर थांबेन. साहेबांनी थेट विचारलं, "दुसऱ्याचं काम आधी घेतलंत का?" तर नाही म्हणू नये. "इतर गिऱ्हाइकांच्या कामाबद्दल मी बोलू शकत नाही" म्हणावं.

---

मुळाक्षर

ते उत्तर म्हणजे होकारच झाला की.

---

कागदवाली

हो, बऱ्याचदा होतो. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त ते उत्तर सगळ्या गिऱ्हाइकांना, सगळ्या वेळी, काही लपवायचं नसतानाही दिलं तर त्यातून काही फुटत नाही. तशी सवयच लावावी लागते.

---

पेनड्राइव्ह

थकबाकीचं वाक्य मात्र ठेवा! ती काही गोपनीय नाही, त्यांनाच माहीत आहे. एमएसएमई कायदा २००६ नुसार लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तेही घाला.

---

जुनं_खरेदीखातं

कायदा बरोबर सांगितलात. पण जागा चुकीची. चीफ इंजिनिअर बिल काढत नाहीत, अकाउंट्स काढतं. माल उशिरा देतोय हे कळवणाऱ्या पत्रातच थकबाकी आली की ती सबब वाटते, आणि परचेसवाला टिपणीत लिहितो, "पुरवठादाराने देयकासाठी माल रोखला." मग तुमची खरी थकबाकी वादात सापडते. गोपनीय नसलेली गोष्टही या पत्रातून काढायची, ती अशी. वेगळं पत्र, बिल क्रमांक आणि तारखांसह, अकाउंट्सला.

---

शिरोलीकर

दुसरा मसुदा. शेवटची दोन वाक्यं काढून हे घातलंय:

"शनिवारी येणारे ८ नग वेगळ्या ओतातील असून त्यांचे अंतिम मशीनिंग अपेक्षेपेक्षा अधिक वेळ घेत आहे. त्यांची बोअरनंतरची तपासणी नोंद मालासोबत देऊ. दोन्ही मापांपैकी कोणते नग जोडणीस आधी लागतील हे उद्या दुपारपर्यंत कळविल्यास पहिल्या खेपेत त्याप्रमाणे देऊ. ६ नगांचे ओतकाम झाल्यावर त्यांची स्थिती सोमवारी कळवू."

सोबत तयार नगांचा फोटो आणि तपासणी नोंदीचा नमुना एक्सेलमध्ये जोडणार आहे.

---

जुनं_खरेदीखातं

सोमवारचं वाक्य मस्त. पत्रात "सांभाळून घ्या" कुठेच नाही आणि सांभाळून घ्यावंसं वाटतं. फक्त "सोमवारी कळवू" लिहिलंत तर सोमवारी कळवायचंच.

---

कागदवाली

जोडण्या जपून. फोटो मोठा करून मागचं बघा. शॉपवर भिंतीला फळा असतो ना, खडूने गिऱ्हाइकाचं नाव, नग आणि तारीख लिहिलेला? मी असे फोटो पाहिलेत ज्यात पुढे चकचकीत माल आणि मागे अख्खी ऑर्डर बुक. नग कोऱ्या कागदावर ठेवून वरून फोटो काढा.

एक्सेल तर पाठवूच नका, पीडीएफ करा. तुमची तपासणी नोंद कॉस्टिंगच्या फाईलमध्येच एक शीट असेल तर बाकीची शीट लपवून पाठवायचा मोह होतो. दिसणाऱ्या शीटच्या टॅबवर उजवी क्लिक करून `Unhide` म्हटलं की लपवलेलं शीट समोर. उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाचं ऑगस्ट २०२३ मध्ये हेच झालं. माहिती अधिकाराच्या उत्तरात दिलेल्या स्प्रेडशीटमध्ये लपलेलं शीट राहिलं आणि दलातल्या जवळपास सगळ्यांची आडनावं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं उघड झाली. नंतर साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. त्यांनी पाठवलेलं उत्तर स्वतः निर्दोष होतं.

आणि नवीन मेल उघडून पाठवा. मामांशी किंवा वडिलांशी झालेल्या मेलवर फॉरवर्ड करून नको, खाली सगळी शेपटी जाते.

---

शिरोलीकर

फळा निघाला. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या कारखान्याचं नाव आणि २२ आकडा स्वच्छ वाचता येतोय. नवा काढायला सांगितलाय. तपासणी नोंद वेगळ्या फाईलमध्ये घेऊन पीडीएफ केली, नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहिली, फक्त मापं आली.

पत्र गेलं. तासाभरात परचेसच्या साहेबांचा मामांच्या मोबाइलवर फोन, "लेथवर माणूस नाही का?" मामांनी संभाचं सगळं सांगून टाकलं, ऑपरेशनसकट.

---

सोसायटी_सचिव_ठाणे

अरेरे. मग एवढं पत्र करून उपयोग काय झाला?

---

जुनं_खरेदीखातं

फोनवरचं बोलणं फायलीला लागत नाही, दर आणि दुसऱ्या कारखान्याचं नाव गेलं नाही, म्हणजे बरंच राहिलं. पण मामांना आधी सांगायला हवं की पत्र काय गेलंय. आम्ही लोक मुद्दाम शॉपवरच फोन करतो, ऑफिसात तेच उत्तर मिळतं म्हणून. पुढच्या वेळी पत्र पाठवायच्या आधी मामांना वाचून दाखवा आणि "याच्या पलीकडचं विचारलं तर ताईंना फोन करा म्हणायचं" एवढंच सांगा. संभालाही कळवा की त्यांना माहीत झालंय, साहेब येतील तेव्हा त्याला अवघडायला नको.

---

शिरोलीकर

संभाशी आज बोलते. साहेबांनी माप कळवलंय, मोठ्या मापाचे आधी हवेत, आणि आमचे तयार ८ पैकी ५ च मोठे आहेत. आता मामांशी बसून बघते की शुक्रवारच्या ६ मधले मोठे आधी ओतता येतात का. थकबाकीच्या पत्रासाठी वेगळा धागा काढते, त्यात @पेनड्राइव्ह तुम्ही व्याजाचं नक्की सांगा.

---

पेनड्राइव्ह

काढा. बिलाची तारीख आणि माल स्वीकारल्याची तारीख दोन्ही शोधून ठेवा, दिवस स्वीकारल्यापासून मोजतात. आणि धाग्यात टाकताना बिल नंबर बदला.